मूळ यादी वेगळी, प्रवासयादी वेगळी

मागच्या प्रवासाची यादी जपून ठेवली की पुढच्या वेळी तीच चालेल, असा बहुतेकांचा समज असतो. फोनमध्ये ती सापडते, जुन्या खुणा पुसल्या जातात आणि बॅग भरायला सुरुवात होते. पण ती मूळ यादी नसते, एका ठरावीक प्रवासाची यादी असते. तेव्हा थंडी होती म्हणून तिच्यात दोन स्वेटर आहेत, आणि मुक्कामाच्या जागी टॉवेल मिळणार होता म्हणून टॉवेल खोडलेला आहे. आता उन्हाळ्यात निघायचे असेल तर स्वेटर लगेच खटकतात आणि काढले जातात. टॉवेल मात्र यादीतच नाही, त्यामुळे तो राहिला हे लक्षात यायला काही वावच नाही. जास्तीची ओळ दिसते, गळलेली ओळ दिसत नाही. जुनी यादी पुन्हा पुन्हा वापरली की ती हळूहळू अशीच गळत जाते.

म्हणून दोन याद्या लागतात, आणि दोघींचे काम वेगळे आहे.

मूळ यादीत कधी ना कधी न्यावी लागेल अशी प्रत्येक वस्तू असते आणि तिच्यापुढे ती केव्हा न्यायची याची अट असते. ही यादी लांबच असते आणि ती तशी असू द्यावी, कारण तिच्यावरून थेट बॅग भरायची नसते. तिच्यात टिक मारायची जागाच ठेवू नये. प्रवासयादी ही तिची प्रत. अट लागू नसलेल्या ओळी त्या प्रतीतून काढायच्या, संख्या ठरवायच्या, टिक मारायच्या, कडेला काहीबाही लिहायचे. ही यादी खराब व्हायलाच हवी. प्रवासानंतर तिच्यातल्या नोंदी मूळ यादीत उतरल्या की तिचे काम संपले.

मूळ यादीतली एक ओळ साधारण अशी दिसते: “रेनकोट – पावसाचा अंदाज असेल किंवा डोंगरात चालायचे असेल तर.” नुसते “रेनकोट” लिहिले तर दर वेळी नव्याने विचार करावा लागतो, आणि हा विचार निघायच्या आदल्या रात्री घाईत होतो. संख्येचेही तसेच. “मोजे – ६ जोड” हे प्रवासयादीतले वाक्य आहे. मूळ यादीत नियम हवा: दिवसांइतके आणि एक जास्तीचा, पण वाटेत कपडे धुता येणार असतील तर पाच दिवसांचेच धरायचे. गूगल शीट्समध्ये यादी असेल आणि B1 मध्ये प्रवासाचे दिवस लिहिले असतील, तर धुण्याची सोय असलेल्या प्रवासासाठी हे सूत्र पुरते:

```
=MIN($B$1,5)+1
```

तीन दिवसांना चार जोड येतात, दहा दिवसांना सहा.

वस्तू कुठे ठेवायची हेही मूळ यादीतच लिहावे, कारण ते प्रवासागणिक बदलत नाही. पॉवर बँक विमानात नेताना हातातल्या बॅगेतच लागते, चेक-इन करायच्या बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा वेगळी परवानगी न घेता नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली तर ७४ वॉट-तास होते, म्हणजे मर्यादेत बसते. हा हिशेब एकदा करून ओळीत लिहून ठेवला की पुन्हा करावा लागत नाही.

प्रत कशी काढायची हे साधनावर अवलंबून आहे. गूगल कीपमध्ये `Uncheck all items` हा पर्याय हाताशी असतो आणि मोह पडतो, पण तो वापरला की मूळ यादी आणि प्रवासयादी एकच होऊन बसतात. त्याऐवजी `Make a copy` करावे. शीट्समध्ये खालच्या टॅबवरून `Duplicate` होते. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये यादी `Save as Template` करून ठेवता येते. यातल्या कोणत्याही पद्धतीत प्रत निघाली की तिचा मूळ यादीशी संबंध तुटतो, प्रतीत केलेला बदल आपोआप मूळ यादीत जात नाही. ते बरेच आहे, कारण काय वर न्यायचे आणि काय प्रतीतच सोडायचे हा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो.

नोंदींच्या वेळा दोन. काही कमी पडले तर ते तिथेच, त्याच क्षणी प्रवासयादीच्या तळाशी लिहावे. घरी परतेपर्यंत ती वस्तू विकत घेतलेली असते किंवा तिच्यावाचून निभावलेले असते, आणि मग ती आठवत नाही. न वापरलेल्या वस्तूंची नोंद मात्र परत आल्यावर बॅग रिकामी करतानाच करावी. यादी शेजारी ठेवून, जी वस्तू गेली तशीच घडी न मोडता परत आली तिच्यापुढे गोल काढायचा. कपडे एकदा धुण्याच्या ढिगात गेले की कोणता घातला होता आणि कोणता नाही हे सांगता येत नाही.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढची चूक अशी होते, की गोल काढलेली वस्तू मूळ यादीतून थेट खोडली जाते आणि कमी पडलेली थेट जोडली जाते. दोन-चार प्रवासांत मूळ यादी म्हणजे शेवटच्या प्रवासाचे प्रतिबिंब होते, म्हणजे फिरून पहिल्याच जागी. नोंद ही घडलेली गोष्ट असते. मूळ यादीतला बदल हा नियमातला बदल असतो, आणि मध्ये “का?” हा प्रश्न यायला हवा.

एक उदाहरण घेऊ. पाच दिवसांचा प्रवास, त्यात दोन दिवस बैठका, एक दिवस डोंगरात चालणे, दोन दिवस जाण्यायेण्यात. धुण्याची सोय नव्हती. परत आल्यावर गोल पडले ते पाच वस्तूंपुढे: औषधांचा पाऊच, रेनकोट, सहापैकी तीन शर्ट, हेअर ड्रायर आणि एक जाड पुस्तक. तळाशी कमी पडलेल्या तीन वस्तू: मळक्या कपड्यांसाठी पिशवी, पायाला लावायच्या पट्ट्या आणि फोनचा चार्जर.

औषधांचा पाऊच वापरला नाही हे चांगलेच झाले. ती वस्तू न वापरण्यासाठीच नेतात, त्यामुळे तिच्यावरचा गोल कधीच मोजायचा नाही. अशा ओळींना मूळ यादीत “कायम” अशी खूण करून ठेवावी. रेनकोटची अट लागू होती, डोंगर होता, पाऊस मात्र आला नाही. अट बरोबर, निकाल योगायोगाचा, म्हणून काहीच बदलायचे नाही. शर्टांचे कारण संख्येत आहे: नियमाने पाच अधिक एक सहा आले, पण डोंगरातल्या दिवशी टी-शर्ट घातला आणि परतीच्या दिवशी आदल्याच दिवशीचा शर्ट चालला. इथे वस्तू तशीच ठेवून नियम दुरुस्त करायचा: बैठकीच्या दिवसांचे आणि इतर दिवसांचे कपडे वेगळे मोजायचे. हेअर ड्रायर खोलीतच होता, तेव्हा ओळीपुढे “मुक्कामाच्या जागी नसेल तर” ही अट जोडायची, आणि ठिकाणाला आधी विचारायचे हे कामही लिहायचे. विचारल्याशिवाय ही अट तपासताच येत नाही. पुस्तकाची अट मुळात नव्हतीच. ते उरते, खरे खोडायचे काय ते एवढेच, आणि तेही लगेच नाही.

कमी पडलेल्या तीन वस्तूंची कारणेही एकसारखी नाहीत. मळक्या कपड्यांची पिशवी मूळ यादीत कधी नव्हतीच, ती जोडायची. पट्ट्या औषधांच्या पाऊचमध्ये असतील असे धरले होते, पण मागच्या वेळी संपल्यावर भरल्या नव्हत्या. मूळ यादीत “औषधांचा पाऊच” ही एकच ओळ असल्याने पाऊच बॅगेत गेला, टिक पडली, आत काय आहे ते कुणी उघडून पाहिले नाही. पाऊचसाठी आतल्या वस्तूंची वेगळी छोटी यादी करून ती पाऊचमध्येच ठेवावी आणि परत आल्यावर लगेच भरून ठेवावे. निघताना भरायचे ठरवले तर ते पुन्हा घाईत सापडते.

चार्जर सर्वांत फसवा. तो मूळ यादीत होता, प्रवासयादीत होता आणि त्याच्यापुढे टिकही होती. टिक आदल्या रात्री मारली, रात्री फोन चार्जिंगला लावला आणि चार्जर भिंतीवरच राहिला. इथे मूळ यादीत “चार्जर” दुसऱ्यांदा लिहून काहीच साधत नाही, आणि ठळक अक्षरांत लिहूनही नाही. दोष टिकच्या वेळेत आहे. वस्तू पलंगावर काढून ठेवल्यावर टिक मारायची नाही, बॅगेत गेल्यावरच मारायची. जे सकाळपर्यंत वापरात असते, म्हणजे चार्जर, चष्मा, टूथब्रश, रोजची गोळी, ते मूळ यादीच्या शेवटी “निघताना” या वेगळ्या भागात हलवायचे आणि तो भाग दाराशी उभे राहूनच पाहायचा.

आता त्या पुस्तकाकडे. एका गोलावर ओळ खोडू नये. मूळ यादीत ओळीच्या कडेला एक छोटा रकाना ठेवावा आणि वस्तू खरोखर नेली पण वापरली नाही, तर त्यात एक काडी पाडावी. लागोपाठ तीन काड्या झाल्या की ओळीकडे पाहायचे, आणि मध्ये एकदा वापर झाला की काड्या पुसायच्या. ज्या प्रवासात अट लागू नव्हती म्हणून वस्तू नेलीच नाही, तो प्रवास मोजायचा नाही, नाहीतर बर्फातले हातमोजे तीन उन्हाळी प्रवासांतच यादीबाहेर जातील. तीनचा आकडा काही पवित्र नाही. वर्षातून एकदाच प्रवास करणाऱ्याने दोनवर थांबले तरी चालेल.

खोडलेल्या ओळी पुसून टाकू नयेत, यादीच्या अगदी तळाशी “काढलेल्या” म्हणून तारीख आणि कारणासह हलवाव्यात. दोन वर्षांनी “एक पुस्तक असायला हवे होते” असे वाटून ती ओळ परत घालायचा मोह होतो, तेव्हा कारण समोर असते.

हे काम लांबवले की गोल दिसतो, पण शर्ट का उरला ते आठवत नाही, आणि कारण नसलेल्या नोंदीतून नियम बनवता येत नाही. म्हणून बॅग रिकामी झाली की ती कपाटात जाण्याआधीच नोंदी मूळ यादीत उतरवाव्यात. तेवढे जमलेच नाही तर निदान प्रत्येक गोलापुढे दोन शब्दांत कारण लिहावे: “पाऊस नाही”, “तिथे होता”, “जास्त झाले”. मग मूळ यादी आठवड्याने दुरुस्त केली तरी बिघडत नाही.