इंडेक्स आला तरी ब्लॉक विखुरलेलेच

डिस्कवर फाइल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये ठेवतात, आणि ते ब्लॉक मांडायच्या तीन पद्धती आहेत: सलग, लिंक्ड आणि इंडेक्स. १९७० च्या दशकात डेक कंपनीच्या पीडीपी-११ मशीनवर आरटी-११ नावाची सिस्टिम चालायची, त्यात प्रत्येक फाइल डिस्कवर सलगच बसायची. वाचायला याहून सोपं काही नाही, १०० ब्लॉकच्या फाइलमधला ८० नंबरचा ब्लॉक हवा (मोजणी ० पासून) तर सुरुवातीच्या पत्त्यात ८० मिळवा, एका रीडमध्ये काम झालं, आणि अख्खी फाइल वाचताना हेड जवळजवळ हलतच नाही. त्रास व्हायचा डिलीट करून करून डिस्कला भोकं पडली की. समजा एकीकडे ६० ब्लॉक मोकळे आणि दुसरीकडे ५०, तरी १०० ची फाइल बसणार नाही, मग `SQUEEZE` कमांड देऊन सगळ्या फाइली एका बाजूला सरकवायच्या.

लिंक्ड पद्धतीत हे भोकांचं दुखणं जातं कारण कुठलाही रिकामा ब्लॉक चालतो, पण पुढच्या ब्लॉकचा पत्ता आधीच्या ब्लॉकमध्येच असला तर तोच ८० नंबरचा ब्लॉक गाठायला ८१ रीड लागतात. म्हणून १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकमध्ये फॅट म्हणजे फाइल अलोकेशन टेबल आला, त्यात हे सगळे दुवे डेटामधून काढून एका टेबलात ठेवले. नंतरच्या १२ बिटांच्या फॅटचं टेबल जास्तीत जास्त ६ केबीच, मेमरीत आरामात मावायचं, त्यामुळे साखळी चालावी लागली तरी ती डिस्कवर नाही.

युनिक्सने इंडेक्सचा रस्ता धरला, म्हणजे फाइलच्या ब्लॉकचे पत्ते यादी करून ठेवायचे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक फाइलच्या आयनोड नावाच्या नोंदीत १३ पत्ते, पहिले १० थेट डेटाचे, अकरावा अशा ब्लॉकचा ज्यात आणखी १२८ पत्ते. आयनोड मेमरीत असला तर आपला ८० नंबरचा ब्लॉक दोन रीडमध्ये हातात.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथून पुढे वाटतो. इंडेक्स फक्त ब्लॉक कुठे आहे ते सांगतो, तो शेजारी आहे याची हमी देत नाही. युनिक्सची मोकळ्या ब्लॉकची यादी सुरुवातीला नीट क्रमाने असायची, पण फाइली बनत-पुसत गेल्या की ती पार विस्कटायची आणि नवीन फाइलचे ब्लॉक डिस्कभर पसरायचे. बर्कलीच्या लोकांनी १९८४ च्या पेपरमध्ये आकडे दिलेत, जुन्या युनिक्स फाइल सिस्टिमवर ती नवी कोरी असताना सेकंदाला १७५ केबीपर्यंत मिळणारा वेग काही आठवड्यांच्या साध्या वापरात ३० केबीवर आला. जागा वाया गेली नव्हती, इंडेक्सही शाबूत होता, वेळ खात होता तो सीक, म्हणजे हेडची डिस्कवर इकडून तिकडे होणारी धाव. त्यांनी उपाय केला तो ब्लॉक किमान ४०९६ बाइटचा करून आणि एका फाइलचे ब्लॉक शक्यतो एकाच सिलिंडर ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कच्या लगतच्या भागात ठेवून, म्हणजे इंडेक्स तसाच ठेवून सलगपणा परत आणला.

आजच्या एक्स्ट४ मध्येही तेच, इंडेक्समधली एक नोंद ४ केबी ब्लॉक असतील तर १२८ एमबीपर्यंतचा सलग तुकडा दाखवते. आपली फाइल किती तुकड्यांत आहे ते लिनक्सवर असं बघता येतं:

```
filefrag -v video.mp4
```