एक मणी, एक श्वास, दहा सेकंद

इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक होती रोझरीतली, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना, ‘आवे मारिया’. दुसरा होता ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र. म्हणताना त्यांचा श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सतत नोंदवला जात होता. हे काम 2001च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. एरवी मिनिटाला चौदाच्या आसपास असलेला श्वास दोन्ही वेळा सहाच्या जवळ आला होता. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण श्वासाची लय जवळपास एकच.

यामागचं कारण साधं आहे. आवाज काढून काही म्हणायचं तर ते सोडत्या श्वासावरच म्हणावं लागतं. रोझरीत अर्धी प्रार्थना एक जण म्हणतो आणि उरलेली अर्धी बाकीचे म्हणतात. गोव्यात किंवा वसईत संध्याकाळी घराघरांत हेच ऐकू येतं. समोरचा म्हणत असताना आपण श्वास घेतो आणि आपली पाळी आली की तो सावकाश सोडतो. असं एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं होतं.

या दहा सेकंदांना शरीरात महत्त्व आहे. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब ओळखणारे मज्जातंतूंचे टोक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाची गती कमी करतो आणि रक्तवाहिन्या सैल सोडतो. दाब उतरला की याच्या उलट होतं. या दुरुस्तीला थोडा वेळ लागतो, म्हणून आपला रक्तदाब सतत हलका वरखाली होत असतो आणि त्याची एक लाट दहा सेकंदांच्या आसपासची असते. श्वासाबरोबरही ठोके बदलतात: आत घेताना थोडे जलद, सोडताना थोडे मंद. श्वास मिनिटाला सहावर आला की या दोन लाटा एकमेकींत मिसळतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला तर तो जसा उंच जातो, तशी ठोक्यांची वरखाली मोठी होते आणि दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चपळ होते.

जपमाळेवर हा हिशेब छान बसतो. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरं घ्या. चार-पाच सेकंद नाकाने सहज श्वास घ्यायचा आणि तो सोडताना पाच-सहा सेकंदांत हा मंत्र एकदा म्हणायचा. एका श्वासाला एक मणी. 108 मणी म्हणजे 1,080 सेकंद, म्हणजे 18 मिनिटं. घाईने ओढलेली माळ चार-पाच मिनिटांत संपते. तिचं श्रद्धेचं मोल ज्याचं त्याने ठरवावं, पण श्वास तिच्यात मंदावत नाही. मोठ्याने केलेल्या वाचिक जपात आणि ओठ हलवत पुटपुटलेल्या उपांशु जपात श्वास आपोआप बांधला जातो. मानसिक जपात तसं होत नाही, तिथे श्वासाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास गरजेपेक्षा खोल घेतला जातोय असं समजावं आणि नेहमीसारखा घ्यावा. दमा, फुप्फुसाचा जुना आजार किंवा हृदय कमजोर असेल तर श्वास मुळीच लांबवायचा नाही. धाप लागली की थांबायचं आणि जप आपल्या सोयीच्या गतीने करायचा.

आता उच्च रक्तदाबाचं बघू. अशा 20 रुग्णांवरचा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात श्वास मिनिटाला सहावर आणल्यावर वरचा दाब सरासरी 150 वरून 141 वर आला आणि खालचा 83 वरून 78 वर. ही घट खरी आहे. पण ती मंद श्वास चालू असतानाची आहे, दिवसभराची नाही, आणि नेमकी इथेच फसगत होते.

समजा, साठीतल्या एक काकू रोज सकाळी अॅमलोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी घेतात. महिनाभर नेमाने जप करतात, झोप सुधारली आहे, चिडचिड कमी झाली आहे. एक दिवस माळ संपल्यासंपल्या त्या दाब मोजतात आणि तो 126 भरतो. काकूंना वाटतं, आता गोळीची गरज नाही. त्या गोळी बंद करतात. दोन-तीन दिवस आकडे चांगलेच येतात, कारण हे औषध शरीरातून हळूहळू उतरतं. श्रेय मात्र जपाला मिळतं. मग आठवडाभरात दाब चढू लागतो. चढलेला दाब बहुतेकदा जाणवतच नाही आणि काकू तर आता फक्त जपानंतरच मोजतात. काही औषधं याहून धोक्याची असतात. ती एकदम सोडली तर दाब अचानक उसळतो.

म्हणून मोजण्याची वेळ जपापासून तोडावी. सकाळी गोळी आणि जप या दोन्हींच्या आधी, आणि पुन्हा संध्याकाळी मोजायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला हवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. असं सात दिवस केलं की पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा जास्त असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवायची. जपाची माहितीही त्यांना द्यावी, ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. सरासरी खरोखरच उतरली असेल तर गोळी कमी करायची का ते तेच बघतील.

मनाच्या बाजूने जप काय देतो, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या माजी सैनिकांकडून मिळाला. सैन्यातल्या आघाताच्या आठवणींनी पछाडलेल्या 173 जणांवरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आपल्या श्रद्धेतला एखादा पवित्र शब्द निवडून तो दिवसभरात मनातल्या मनात म्हणायला शिकवलं, बाकीच्यांना समुपदेशन दिलं. पहिल्या गटाची लक्षणं जास्त उतरली, झोपही सुधारली. त्यांनी तो शब्द फक्त संकटात म्हटला नव्हता. झोपण्याआधी, रांगेत उभं असताना, काहीच बिघडलेलं नसताना तो म्हणायचा सराव त्यांनी केला होता. सवय शांत वेळी लागली म्हणून ती अस्वस्थ वेळी हाताशी आली. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच पहिल्यांदा माळ हातात घेणाऱ्याला एवढा आधार मिळेलच असं नाही.

हाच जप कधी त्रासही होतो, आणि घरच्यांना ते लवकर कळत नाही, कारण बाहेरून ती भक्तीच दिसते. मणी चुकला म्हणून माळ पुन्हा पहिल्यापासून, उच्चार नीट झाला नाही म्हणून आणखी एकदा, अर्धवट राहिलं तर मुलाला काही होईल अशी धास्ती. वीस मिनिटांचा जप दोन तासांवर जातो, गोळीची आणि जेवणाची वेळ टळते. ओळखायची खूण एकच: माळ ठेवल्यावर माणूस हलका होतो की आणखी बेचैन? बेचैन होत असेल तर तो मंत्रचळ हा मनाचा आजार असू शकतो आणि त्याच्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ अशा माणसाला जप सोडायला लावत नाहीत. चुकलेला मणी तसाच ठेवून पुढे जायचं, ठरलेल्या वेळी माळ खाली ठेवायची आणि उसळणारी धास्ती काहीही न करता सोसायची, हे ते पायरीपायरीने शिकवतात. गरज असेल तर सोबत औषधही देतात.