मृग बागेत हरिण कुठून आलं?

रावेरकडच्या केळीवाल्यांसाठी निघणाऱ्या एका पत्रिकेचा मजकूर मी तपासून देतो. मागे त्यात एक वाक्य आलं: ‘हरिण उद्यानातले घोस तयार झाले, पण व्यापाऱ्याची मार्ग बघण्यात सप्ताह गेला.’ लेखकाकडून मूळ वाक्य मागवलं, तर ते साधं होतं: ‘मृग बागेतले घड तयार झाले, पण व्यापाऱ्याची वाट बघण्यात आठवडा गेला.’ मधे समानार्थी शब्द सुचवणारं साधन वापरलं होतं.

खानदेशात मृग बाग म्हणजे मृग नक्षत्राच्या सुमारास, जून-जुलैत लावलेली केळी. शब्दसूचीत ‘मृग’ला नक्षत्र आणि हरिण असे दोन अर्थ असतात. साधं साधन आजूबाजूचं वाक्य न वाचता त्यातला एक उचलतं. ‘वाट’चं तेच झालं. ‘वाट बघणे’ हा जोडून येणारा प्रयोग आहे, त्यातून वाट एकटी उपटली की रस्ता तेवढा हाती राहतो. शिवाय वाट स्त्रीलिंगी आणि मार्ग पुल्लिंगी, पण ‘व्यापाऱ्याची’ तसंच राहिलं. असं बेमेळ लिंग दिसलं की शब्द यंत्राने बदललाय, हे मला लगेच कळतं.

काही साधनं सूचीऐवजी शेजार मोजतात: ज्या शब्दांच्या आजूबाजूला सारखे शब्द येतात, ते जवळचे धरतात. पण ‘केळी स्वस्त झाली’ आणि ‘केळी महाग झाली’ यांचा शेजार तंतोतंत एकच आहे. त्यामुळे अशा साधनाकडून कधी कधी उलट अर्थाचा शब्दही येतो, आणि ही चूक जास्त घातक, कारण वाक्य कानाला खटकतच नाही.

म्हणून मी प्रत्येक बदल वेगवेगळा तपासतो. आधी मूळ शब्दाचा इथला अर्थ चार शब्दांत लिहितो. आठवडा: इथे नुसते सात दिवस. मग नवा शब्द घालून वाक्य मोठ्याने वाचतो. ‘सप्ताह गेला’ म्हटलं की आमच्याकडे मंदिरातला हरिनाम सप्ताह आठवतो, म्हणून तो बाद. ‘सात दिवस’ चालतं, पण मग ‘गेला’चं ‘गेले’ करावं लागतं. ‘घोस’ द्राक्षांना शोभतो, केळीला घडच. ‘वाट बघण्यात’ बदलायचंच असेल तर अख्खा प्रयोग बदलून ‘व्यापाऱ्याच्या प्रतीक्षेत’ लिहावं.

शेवटी बदललेलं वाक्य मूळ न पाहिलेल्या माणसाला वाचायला देतो आणि विचारतो, काय झालं सांगा. घड तयार होते, व्यापारी आला नाही, सात दिवस गेले, एवढं त्याने सांगितलं की बदल ठेवायचा. मृग बागेला मात्र या कसोटीवर एकही पर्याय टिकला नाही. ‘पावसाळी बाग’ लिहून पाहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, “म्हणजे मृगातली का?” तो शब्द आम्ही तसाच ठेवला.