अटेन्शन मॅट्रिक्स न साठवणारे कर्नल

अटेन्शन म्हणजे मॉडेलमधली ती पायरी जिथे मजकुराचा प्रत्येक तुकडा, म्हणजे टोकन, बाकीच्या टोकनांकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवतो, आणि कर्नल म्हणजे जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम. प्रत्येक टोकनच्या क्वेरी आणि की या आकड्यांच्या ओळींच्या गुणाकारातून टोकन गुणिले टोकन अशी जी स्कोअरची मॅट्रिक्स बनते, ती जीपीयूच्या मुख्य मेमरीत कधीच पूर्ण न लिहिता अटेन्शनचं उत्तर काढणारे कर्नल. सगळ्यात जास्त वापरात आहे ते फ्लॅशअटेन्शन.

३२,७६८ टोकन धरा, हेडची, म्हणजे समांतर चालणाऱ्या अटेन्शनच्या एका प्रतीची, रुंदी १२८, आकडे १६ बिटचे. एका हेडची क्वेरी फक्त ८ एमबी, पण स्कोअर-मॅट्रिक्स २ जीबी, आणि ३२ हेड एकदम काढले तर ६४ जीबी, म्हणजे ४० जीबीच्या एनव्हिडिया ए१०० कार्डवर रन तिथेच मेमरी संपल्याचा एरर देऊन पडतो. बरं, एकेक हेड करून बसवलं तरी खरी अडचण जात नाही, कारण साध्या पद्धतीत स्कोअर लिहायचे, ओळीतल्या स्कोअरचे बेरीज १ होईल असे वेट बनवणाऱ्या सॉफ्टमॅक्ससाठी वाचायचे, परत लिहायचे, टोकनच्या व्हॅल्यू या तिसऱ्या ओळीशी गुणायला परत वाचायचे, असे ८ जीबी हलतात. सेकंदाला दीड टीबीच्या वेगाने त्याला साडेपाच मिलिसेकंद लागतात आणि नुसता गुणाकार कार्डातल्या मॅट्रिक्स गुणणाऱ्या टेन्सर कोअरच्या कमाल वेगाने पावणेदोनमध्ये होतो, म्हणजे कार्ड बराच वेळ डेटाची वाट बघत बसतं.

मॅट्रिक्सचे तुकडे करून चिपवरच्या छोट्या वेगवान मेमरीत काम उरकावं तर सॉफ्टमॅक्स आडवा येतो, त्याला अख्ख्या ओळीचा कमाल आकडा आणि बेरीज लागते. उपाय असा की ओळीमागे आतापर्यंतचा कमाल m, exp(स्कोअर − m) ची बेरीज आणि अर्धवट उत्तर एवढंच ठेवायचं, आणि पुढच्या तुकड्यात मोठा m' सापडला की जुनी बेरीज आणि जुनं उत्तर दोन्ही exp(m − m') ने गुणायचं. पहिल्या तुकड्यात स्कोअर २ आणि ४ असतील तर बेरीज १.१३५, मग ५ आला की तिला ०.३६८ ने गुणून ०.४१८, अधिक १, झाले १.४१८. तिन्ही एकदम घेतले तरी हेच येतं, त्यामुळे याला अंदाजे पद्धत म्हणणं चूक आहे, बेरजेचा क्रम बदलल्याने शेवटच्या बिटांत फरक पडतो तेवढाच.

श्रेयाबद्दल एकमत नाही. चालत्या बेरजेची ही युक्ती साधारणपणे एनव्हिडियाच्या मिलाकोव्ह आणि गिमेलशाइन यांच्या २०१८ च्या लेखाकडे नेतात, पण तो सॉफ्टमॅक्सपुरता होता. अटेन्शनला वर्गाच्या प्रमाणात मेमरी लागतच नाही हे गूगलच्या रेब आणि स्टाट्स यांनी डिसेंबर २०२१ मध्ये दाखवलं, त्यांचा भर जागा वाचवण्यावर. त्री दाओ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मोजमाप बदललं, जागेइतकीच मेमरीतली ये-जा मोजली आणि सगळं एका कर्नलमध्ये बसवलं. वेग तिथून आला, म्हणून कर्नलचं श्रेय त्यांना देणं जास्त रास्त वाटतं.

ट्रेनिंगच्या उलट्या फेरीत, म्हणजे चुकीवरून दुरुस्ती काढताना, मॅट्रिक्स लागतेच, ती साठवण्याऐवजी तुकड्यातुकड्याने परत काढतात आणि त्यासाठी ओळीमागे एकच आकडा जपतात. गणित वाढतं तरी वेळ वाचतो. ओळ पूर्ण मास्क झालेली असली, म्हणजे तिला एकही टोकन बघायची मुभा नसली, तर m उणे अनंत राहतो, वजाबाकीत NaN, म्हणजे आकडाच नसलेलं उत्तर, येतो, म्हणून ती ओळ वेगळी हाताळावी लागते. गणित मात्र वर्गाच्याच प्रमाणात राहतं, टोकन दुप्पट केले की काम चौपट. आणि अटेन्शनचे वेट बघायचे असतील तर ते कुठे लिहिलेलेच नसतात, त्यासाठी साधी पद्धतच चालवावी लागते.