पार्श्वभूमी: सहाच्या शेंडीची आणि नकाशातल्या एक्सची

के-मॅपवर, म्हणजे तर्कसूत्र छोटं करायच्या चौकोनी नकाशावर, गट कसे पाडायचे हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवून होतं. एक, दोन, चार, आठचे गट, कडा एकमेकींना जोडलेल्या, आणि एक्स, म्हणजे 0 की 1 याची सक्ती नसलेली चौकट, हवी तर घ्या, नको तर सोडा. हे शेवटचं वाक्य सगळ्यात भरभर उरकलं जातं, आणि पुढे बेंचवर गोंधळ उडतो तो त्याच्यावरूनच. म्हणून या टिपणात एक्सलाच जास्त जागा दिली आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. तर्कविधानं चौकटींत मांडायची कल्पना 1881 इतकी जुनी आहे, पण तेव्हा तिला विजेचं काम नव्हतं. 1938 मध्ये रिलेच्या जोडण्या बूलच्या बीजगणितात लिहिता येतात हे दाखवलं गेलं आणि सूत्र छोटं करण्याला पैशाचा अर्थ आला, कारण सूत्रातलं एक अक्षर म्हणजे रिलेचा एक संपर्क. 1952 मध्ये चौकोनी तक्ता आला, पण त्यातल्या ओळी साध्या द्विमान क्रमाने लावलेल्या होत्या. 1953 मध्ये टेलिफोन क्षेत्रातल्या एका अभियंत्याने तोच तक्ता 00, 01, 11, 10 असा लावला. शेजारच्या दोन चौकटींत एकच अक्षर बदलणार याची त्यामुळे हमी मिळाली, आणि गट डोळ्यांनी दिसू लागले. आपण आजही तोच क्रम वापरतो.

रिलेच्या काळातही काही जोडण्या कधीच घडणार नाहीत हे माहीत होतं. पण एक्स घराघरांत पोहोचला तो दशमान आकडे दाखवणाऱ्या चिपमुळे. चार बिटांत सोळा स्थिती होतात. 0 ते 9 ला त्यातल्या दहा लागतात आणि 10 ते 15 या सहा उरतात. त्या सहा चौकटींत एक्स.

सात पट्ट्यांच्या डिस्प्लेमधली सगळ्यात वरची आडवी पट्टी घेऊ, तिचं नाव a. A हा 8 चा बिट, B चार, C दोन आणि D एकचा. ही पट्टी 1 आणि 4 ला विझलेली हवी, बाकी आकड्यांना पेटलेली. 6 चं काय करायचं तेवढं ठरवायला हवं. आपण हाताने सहा लिहितो तेव्हा वर शेंडी असते. डिस्प्लेवर ती शेंडी म्हणजे हीच a पट्टी.

आधी शेंडीसकट सहा धरू. सहा एक्सना हात न लावता, म्हणजे तिथे शून्य मानून, एकांचे गट पाडले तर मिळतं `A'C + A'BD + B'C'D' + AB'C'`. अकरा अक्षरं. एक्स वापरले की A च्या आठही चौकटी एका गटात येतात, C च्या आठही येतात, आणि उत्तर उरतं `A + C + BD + B'D'`. सहा अक्षरं. इथवर पुस्तकात असतं.

आता त्याच नकाशावर शून्यांचे गट पाडू. शून्य दोनच आहेत, 1 आणि 4. 1 च्या चारही शेजारी चौकटींत 1 लिहिलेला आहे, त्यामुळे हा शून्य एकटा राहतो: `A'B'C'D`. 4 ला शेजारी 12 चा एक्स मिळतो: `BC'D'`. एकूण सात अक्षरं. म्हणजे शेंडी हवी असेल तर एकांच्या बाजूने सहा आणि शून्यांच्या बाजूने सात.

शेंडी काढून टाकली, म्हणजे 6 च्या चौकटीत शून्य ठेवलं, की चित्र नेमकं उलटतं. एकांच्या बाजूने C चा मोठा गट तुटून `CD` होतो आणि अक्षरं सात होतात. शून्यांच्या बाजूने मात्र 4, 6, 12, 14 असा सुबक चौकोन तयार होतो, `BD'`. तिथे 4 ला तीन अक्षरं लागत होती, आता 4 आणि 6 दोघांना मिळून दोन पुरतात. बेरीज सहा.

7447 ही चिप बेंचवर ज्यांनी वापरली आहे त्यांना आठवत असेल, तिचा सहा बोडका येतो आणि नऊला खालची शेपटी नसते. तिच्या a पट्टीचं आतलं गणित शून्यांच्या बाजूने मांडलेलं आहे, आणि त्यात हाच `BD'` दिसतो. पुढे 74247 आली, तिने सहाला शेंडी आणि नऊला शेपटी दिली. दिसायला कोणता सहा बरा यावर मतं वेगळी असतील. माझं मत शेंडीच्या बाजूने आहे, कारण बोडका सहा लांबून छोट्या b सारखा वाचला जातो. पण नकाशावर बोडका सहा स्वस्त पडतो तो फक्त शून्यांचे गट पाडणाऱ्यालाच, हे सांगितल्याशिवाय हा वाद अर्धाच राहतो.

आता खरा गुंता. शेंडीवाल्या सहासाठी दोन उत्तरं निघाली, एक एकांचं आणि एक शून्यांचं. 0 ते 9 साठी दोन्ही अगदी सारखी आहेत. पण 12 ला? एकांच्या उत्तरात A आहे, म्हणून 12 ला पट्टी पेटते. शून्यांच्या उत्तरात `BC'D'` ने 12 ला गिळलं आहे, म्हणून पट्टी विझते. एकाच नकाशातून निघालेली दोन बरोबर उत्तरं, आणि ती एकमेकांच्या बरोबरीची नाहीत. परीक्षेत अशी दोन उत्तरं बीजगणिताने ताडून पाहणारा विद्यार्थी, ती जुळली नाहीत म्हणून आपलं बरोबर उत्तर खोडतो. हे मी पेपरात पाहिलं आहे आणि वाईट वाटतं.

चूक शब्दातच आहे. ‘डोन्ट केअर’ म्हटलं की वाटतं, त्या चौकटीत काहीच नाही, किंवा सर्किटलाही तिथे मोकळीक आहे. मोकळीक फक्त गट पाडणाऱ्याला असते, तीही गट पडेपर्यंत. गटात घेतला तो एक्स एक झाला आणि बाहेर राहिला तो शून्य (शून्यांचे गट पाडले तर उलट). गेट जोडल्यावर एक्स नावाची वस्तू उरतच नाही. मराठीत काही जण ‘दुर्लक्षित स्थिती’ म्हणतात, पण त्याने गैरसमज वाढतोच. मी वर्गात ‘मोकळी चौकट’ म्हणतो आणि गट पाडून झाल्यावर प्रत्येक एक्सवर पेन्सिलने 0 किंवा 1 लिहायला लावतो. वेळ जातो, पण मग वरची दोन उत्तरं कुठे फुटली ते मुलांना स्वतःलाच दिसतं.

या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टीही कोंबल्या आहेत. एक, ती स्थिती येणारच नाही. दोन, ती आली तरी काय दिसेल त्याने फरक पडत नाही. नकाशा दोन्हींसाठी तोच एक्स लिहितो, आणि पहिलीवर विश्वास ठेवणारा फसतो.

सोलापुरातल्या एका डिप्लोमाच्या लॅबमधलं सांगतो, दरवर्षी एका तरी बॅचला होतं. पाठ्यपुस्तकात A म्हणजे 8 चा बिट, आणि 7447 च्या डेटाशीटमध्ये A म्हणजे 1 चा. मुलं नावाला नाव जोडतात, चारही तारा उलट्या जातात. मग स्विचवर 0, 6, 9 दिले की आकडे बिनचूक येतात, कारण 0000, 0110 आणि 1001 उलटे वाचले तरी तेच. 1 दिला की 8 येतो आणि 8 दिला की 1. 2 आणि 4 ची अदलाबदल होते. पण 3, 5, 7 दिले की चिपला मिळतात 12, 10 आणि 14, म्हणजे थेट मोकळ्या चौकटी. डिस्प्लेवर वरच्या अर्ध्या भागात एक यू, खाली एक बुटका सी आणि मग छोट्या टी सारखं काहीतरी उमटतं. मुलं चिप जळाली म्हणून बदलायला निघतात. सहा बरोबर आणि तीनचा यू, एवढं दिसलं की चिप चांगली आहे, तारा उलट्या आहेत.

हे आकारही आपोआप आलेले नाहीत. a पट्टीसाठी बोडक्या सहाला सहा अक्षरं पुरत होती, तरी 7447 च्या आत, आपल्या नकाशातल्या नावांनी, `AC` हा आणखी एक गट खर्च केलेला आहे. त्याने 10, 11, 14 आणि 15 ला ही पट्टी विझते. 15 ला अख्खा डिस्प्ले कोरा राहतो, तो असा हिशेब करून. पुढच्या 4511 मध्ये तर 10 ते 15 सगळेच कोरे. ‘फरक पडत नाही’ म्हणून सोडलेल्या चौकटी चिप बनवणाऱ्यांनी स्वतःच एकेक करून भरून टाकल्या.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मागावर हाताने बांधलेला असाच एक काउंटर होता. वीज जाऊन आली की कधीकधी पहिल्या आकड्याच्या जागी बुटका सी. तिथे तारा सरळ होत्या. वीज येताना फ्लिपफ्लॉप कोणत्याही स्थितीत उभे राहू शकतात, आणि 10 ही त्यातलीच एक. वीज आल्याआल्या रिसेटच्या पिनांना क्षणभर हाय मिळेल असा एक कपॅसिटर आणि रेझिस्टर लावला आणि तो सी गेला. डिकोडरचं सूत्र बदलायची गरज पडली नाही.

सहाहून जास्त इनपुट असले की नकाशा हाताळणं अवघड जातं. 1956 पर्यंत तेच काम तक्त्याने, पायरीपायरीने करायची रीत तयार झाली होती. तिथेही एक्स गट वाढवायला घेतात, पण झाकायच्या यादीत धरत नाहीत. ऐंशीच्या दशकात हे संगणकाकडे गेलं, आणि त्यानंतर एक्स नकाशातून कोडमध्ये आला.

```
always @(*)
  case (bcd)
    4'd1, 4'd4: a = 1'b0;
    4'd0, 4'd2, 4'd3, 4'd5,
    4'd6, 4'd7, 4'd8, 4'd9: a = 1'b1;
    default: a = 1'bx;
  endcase
```

शेवटच्या ओळीतला x सिंथेसिस करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘मोकळी चौकट’ असा कळतो, आणि सिम्युलेशनला ‘किंमत माहीत नाही’ असा. एकच अक्षर, अर्थ दोन. सिम्युलेशनमध्ये 12 दिला की a ला x येतो, आणि बोर्डावर तीच पट्टी सरळ पेटते किंवा विझते. `casex` वापरलं तर याच्या उलट बाजूने घात होतो. आत येणारा बिटच अनिश्चित असला तरी तो जुळला असं धरलं जातं, आणि वीज आल्यानंतरचा वरच्यासारखा घोटाळा सिम्युलेशनमध्ये दिसतच नाही.

आता आमच्या लॅबमध्ये ट्रेनर किटशेजारी एफपीजीए बोर्ड आले आहेत. त्यांच्यात चार बिटांचं कोणतंही सूत्र सोळा बिटांच्या एका छोट्या तक्त्यात बसतं. अकरा अक्षरांचं असो की सहाचं, शेंडीचं असो की बोडकं, जागा तेवढीच. त्या तक्त्यात एक्स लिहिताच येत नाही. 10 ते 15 च्या सहा बिटांत कोणीतरी 0 किंवा 1 भरतोच, आणि `default` मध्ये आपण x ठेवला तर तो भरणारा आपण नसतो.