वॉर्डातली औषध-चेकलिस्ट आणि ‘योग्य वेळे’चा एक गुण

नर्सच्या बाजूला उभं राहून औषध देण्याची पद्धत तपासायला सुरुवात झाली ती 1960 च्या दशकात, अमेरिकेत. तेव्हा निरीक्षकाकडे टप्प्यांची यादी नव्हती. कोणाला काय आणि किती दिलं, एवढं तो टिपायचा आणि नंतर डॉक्टरांच्या मूळ आदेशाशी ताडून पाहायचा. आदेश आधी वाचलेला नसल्यामुळे त्याची नोंद आदेशाकडे झुकत नसे. या पद्धतीचं वजन 2002 साली कळलं. सुमारे अडीच हजार डोसांत खात्री झालेल्या 457 चुका होत्या. त्यांतल्या 300 निरीक्षकांनी टिपल्या होत्या, केसपेपर चाळून 17 सापडल्या आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःहून कळवलेली फक्त 1.

टप्प्यांना गुण देण्याची रीत मात्र परीक्षेतून आली. 1970 च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला चेकलिस्टने गुण द्यायला लागले आणि पुढे तोच कागद वॉर्डात आला. खरा वाद पेटला तो ‘योग्य वेळ’ या टप्प्यावर. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी किंवा नंतर दिलेला डोसच बरोबर, असा अमेरिकी नियामकाचा आग्रह होता.

याचा हिशोब करून पाहा. एका नर्सकडे 12 रुग्ण, औषधं 9 ची, प्रत्येकाला 5 मिनिटं. 8.30 ते 9.30 हा तास तिथेच भरला. मध्ये एक फोन आला की शेवटचा रुग्ण वेळेबाहेर. त्याची रक्तदाबाची गोळी 9.40 ला दिली. ओळखपट्टा वाचला, ॲलर्जी विचारली, गोळी गिळेपर्यंत थांबून मगच सही केली. दहा टप्प्यांतला वेळेचा एक गुण गेला, म्हणून दहापैकी नऊ गुण. शेजारच्या खाटेवर 9.20 ला गोळी कपाटावर ठेवून सही केली, रुग्णाने गिळली की नाही पाहिलंच नाही. बाकी सगळं नीट, त्यामुळे तिथेही दहापैकी नऊ. हे दोन नऊ सारखे कसे? पहिल्या रुग्णाच्या पोटात औषध गेलं, दुसऱ्याचं गेलं की नाही हे कागदावरून सांगताच येत नाही.

त्यात हा एक गुण वाचवायला नर्सना औषधं आधीच काढून ठेवावी लागत, नाहीतर ओळख पटवणं उरकावं लागे. परिचारिकांच्या तक्रारी वाढल्यावर नियामकाने 2011 मध्ये नियम सैल केला. जेवणाच्या वेळचं इन्सुलिन यांसारख्या वेळेला बांधलेल्या औषधांना अर्धा तासच राहिला. दिवसातून एकदाच द्यायच्या औषधाला दोन्ही बाजूंना 2 तास आणि दिवसातून अनेकदा द्यायच्या बहुतेक औषधांना 1 तास, अशी मुभा रुग्णालयांना मिळाली.

त्यामुळे आज चेकलिस्ट भरताना वेळेच्या रकान्यापाशी आधी औषधाचा गट पाहावा लागतो. काही ठिकाणी ओळखपट्टा आणि गिळल्याची खात्री हे टप्पे ‘निर्णायक’ धरतात. त्यांतला एक चुकला की बाकीची बेरीज करतच नाहीत. चुकीचं औषध रुग्णाच्या तोंडापर्यंत पोचतंय असं दिसलं तर निरीक्षकाने नोंद बाजूला ठेवून हात अडवायचा, हा नियम मात्र कायम आहे.