आधी कोण संपतं?

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फुगा फुगवण्याचा एक व्हिडिओ नुकताच पाहिला. निवेदक ठामपणे सांगत होता, ‘जितका जास्त सोडा, तितका मोठा फुगा.’ काही मर्यादेपर्यंत ते खरंच आहे, पण त्यानंतर कितीही सोडा ओतला तरी फुगा जागचा हलत नाही. ही मर्यादा कुठे येते, ते कागद-पेन्सिल घेऊन आधीच काढता येतं, आणि मला मोल ही कल्पना आवडते ती याचसाठी.

समजा, बाटलीत ५ टक्क्यांचं १०० मिलिलीटर व्हिनेगर आहे. म्हणजे त्यात साधारण ५ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल आहे, बाकी जवळजवळ सगळं पाणी. फुग्यात ६ ग्रॅम सोडा भरला आणि तो बाटलीत उलटा केला. आता आधी काय संपेल? बहुतेक जण म्हणतील आम्ल, कारण ते वजनाला कमी आहे. उत्तर चुकलं.

रेणू एकमेकांना भेटतात ते नगावर, वजनावर नाही. इथे सोड्याच्या एका घटकाला आम्लाचा एक रेणू लागतो:

NaHCO3 + CH3COOH → CH3COONa + H2O + CO2

म्हणून आधी ग्रॅमचे नग करायला हवेत. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ नग, आणि एका मोलचं वजन अणुभारांच्या बेरजेतून मिळतं. सोड्यात सोडियमचे २३, हायड्रोजनचा १, कार्बनचे १२ आणि तीन ऑक्सिजनचे ४८ मिळून ८४ ग्रॅम होतात. अ‍ॅसेटिक आम्लाचे तसेच ६० भरतात. म्हणजे सोड्याचा नग आम्लाच्या नगापेक्षा जड आहे, आणि सारख्या वजनात तो कमीच बसणार.

आता भागाकार करू. ६ भागिले ८४ म्हणजे सोडा ०.०७१ मोल. ५ भागिले ६० म्हणजे आम्ल ०.०८३ मोल. वजनाने जास्त असूनही सोडाच आधी संपतो. जो आधी संपतो त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात, आणि वायू किती निघणार हे फक्त त्याच्यावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला एक मोल वायू साधारण २४.५ लीटर जागा व्यापतो, म्हणून इथे जास्तीत जास्त पावणेदोन लीटर कार्बन डायऑक्साइड मिळेल. फुग्यात थोडा कमीच येईल, कारण काही वायू पाण्यातच विरघळून राहतो.

सोडा १० ग्रॅम केला तर? आम्लाला फक्त ७ ग्रॅम सोडा पुरतो (०.०८३ गुणिले ८४), तेव्हा वायू दोन लीटरवर थांबतो आणि ३ ग्रॅम सोडा उरतो. पण तळाशी पांढरी पूड शोधू नका. एवढा सोडा त्या पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे नजरेला काहीच कळत नाही. फेस थांबला की थोडं पाणी दोन वाट्यांत काढा. एकीत चिमूटभर सोडा टाका, दुसरीत व्हिनेगरचे थेंब. सोडा टाकल्यावर फसफसलं तर आम्ल उरलेलं आहे, व्हिनेगरने फसफसलं तर सोडा.

हेच मिश्रण ‘जादुई क्लीनर’ म्हणून पसरवलं जातं, त्याचा मला राग येतो. प्रमाण जुळलं की दोघंही एकमेकांना संपवतात आणि हाती येतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. डाग काढायची जी ताकद सोड्यात किंवा आम्लात होती, ती फेसाबरोबर निघून गेलेली असते. दोन्ही वेगवेगळे वापरा, काम होईल.

आता विद्यार्थी जिथे हमखास अडखळतात ती जागा. वर प्रमाण एकास एक होतं, म्हणून मोलची थेट तुलना चालली. दर वेळी ती चालत नाही. अमोनियासाठी N2 + 3H2 → 2NH3 हे समीकरण घ्या, आणि २८ ग्रॅम नायट्रोजनबरोबर ४ ग्रॅम हायड्रोजन. नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन २ मोल. नायट्रोजन कमी दिसतो, पण त्या एका मोलला हायड्रोजनचे तीन मोल लागतात आणि आहेत दोनच. म्हणून प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या अंकाने भागायचे: नायट्रोजनचा १, हायड्रोजनचा ०.६७. लहान आकडा हायड्रोजनचा, तेव्हा आधी संपणार हायड्रोजन.

प्रत्यक्षात ही अभिक्रिया पूर्णत्वाला जात नाही, त्यामुळे इथे मिळते ती वरची मर्यादा: १.३३ मोल अमोनिया, म्हणजे २२.७ ग्रॅम. नायट्रोजन उरतो ९.३ ग्रॅम. दोन्हींची बेरीज ३२, आणि सुरुवातीला घेतलेले २८ अधिक ४ हेही ३२च. ही बेरीज जुळली नाही, तर मागे जाऊन भागाकार तपासा.